जाडीचा दुहेरी हिशेब

ॲल्युमिनियमचा एक आयताकृती पत्रा घ्यायचा. लांबी २० सेंटिमीटर, रुंदी १५ सेंटिमीटर आणि जाडी जेमतेम २ मिलिमीटर. छताच्या हुकाला बारीक पोलादी तार बांधायची आणि तिच्या खालच्या टोकाला हा पत्रा लटकवायचा. आधी लांब बाजू उभी ठेवून, तार वरच्या कडेच्या बरोबर मध्यावर येईल असा. पत्र्याला हाताने थोडा पीळ देऊन सोडला, की तार उलगडू पाहते. पत्रा मूळ जागा ओलांडून पलीकडे जातो, तिथून परत फिरतो आणि असा आलटून पालटून फिरत राहतो. समजा, तार अशी निवडली की एका पूर्ण हेलकाव्याला ३ सेकंद लागतात. आता तोच पत्रा काढून आडवा टांगायचा, म्हणजे आखूड बाजू उभी आणि लांब बाजू जमिनीला समांतर. तार तीच, पण हेलकाव्याला आता ४ सेकंद लागतात. तिसऱ्या खेपेला पत्रा ताटासारखा सपाट धरून त्याच्या मध्यबिंदूशी तार जोडायची. या वेळी घड्याळ ५ सेकंद दाखवते.

३, ४ आणि ५. ज्याने शाळेत काटकोन त्रिकोण काढले आहेत, त्याला हे आकडे ओळखीचे वाटतील. ९ आणि १६ मिळून २५ होतात. पत्र्याच्या बाजू ४ आणि ३ या प्रमाणात घेतल्या म्हणून इथे पूर्णांक आले, एवढाच काय तो योगायोग. पत्रा गोल कापा, त्रिकोणी कापा, कात्रीने वेडावाकडा कापा. आकडे बदलतील, पण पत्र्याच्या प्रतलातल्या, एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन अक्षांभोवतीच्या आवर्तकालांचे वर्ग मिळवले, की प्रतलाला लंब असलेल्या तिसऱ्या अक्षाभोवतीच्या आवर्तकालाचा वर्ग मिळतो. अट एवढीच, की तिन्ही अक्ष एकाच बिंदूतून गेले पाहिजेत.

महाराष्ट्रात बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात हे लंब अक्षांचे प्रमेय म्हणून येते. विद्यार्थी ते पाठ करतात, गुण मिळवतात आणि बहुतेक जण त्यातली ‘पातळ पत्र्यासाठी’ ही दोन शब्दांची अट विसरतात. सगळी गंमत मात्र त्या अटीतच आहे. ती काढली तर प्रमेय मोडते. किती मोडते, हेही अगदी नेमके सांगता येते.

आवर्तकालाचा वर्ग इथे कशासाठी आला? पिळलेली तार वस्तूला परत फिरवू पाहते आणि वस्तू आपल्या जडत्वाने त्याला विरोध करते. विरोध जितका मोठा, तितका हेलकावा संथ. फिरण्याला होणाऱ्या या विरोधाचे माप म्हणजे जडत्व आघूर्ण, महाविद्यालयात ज्याला सर्रास मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात. लिओनार्ड ऑयलरने १७६५ साली घन वस्तूंच्या गतीवर लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात या राशीला तिचे नाव मिळाले. तार तीच राहिली तर आवर्तकालाचा वर्ग हा जडत्व आघूर्णाच्या प्रमाणात असतो, म्हणून आघूर्णांची तुलना करायला नुसते घड्याळ पुरते.

आघूर्ण काढण्याची रीत सरळ आहे. वस्तूचे बारीक कण कल्पायचे. प्रत्येक कणाचे वस्तुमान घ्यायचे आणि अक्षापासून त्याच्या लंब अंतराच्या वर्गाने गुणायचे. सगळ्या कणांचे असे गुणाकार मिळवले की झाले. इथे अंतराचा वर्ग आहे, म्हणून अक्षापासून दुप्पट दूर असलेला कण चौपट विरोध करतो. पत्रा लांब बाजू उभी ठेवून टांगला, तेव्हा त्याचा कुठलाही भाग अक्षापासून साडेसात सेंटिमीटरच्या पलीकडे नव्हता. आडवा टांगल्यावर टोके दहा सेंटिमीटरपर्यंत गेली. सपाट टांगल्यावर कोपरे साडेबारा सेंटिमीटरवर पोचले. हेलकावे संथ होत गेले, त्याचे कारण हेच.

आता पत्र्याचा एकच कण जवळून पाहू. पत्रा टेबलावर पसरला आहे. त्याच्या मध्यातून पत्र्यावरच दोन रेषा काटकोनात आखल्या आहेत, x आणि y. तिसरा अक्ष z टेबलातून सरळ वर जातो. मध्यापासून x च्या दिशेने ३ सेंटिमीटर आणि तिथून y च्या दिशेने ४ सेंटिमीटर गेले, की एक कण सापडतो. त्याचे वस्तुमान १ ग्रॅम धरू. x अक्षापासून त्याचे अंतर ४ सेंटिमीटर, म्हणून त्या अक्षाभोवती त्याचा वाटा १६. y अक्षापासून अंतर ३, म्हणून तिथे वाटा ९. आणि z अक्षापासून? तो अक्ष टेबलाला मध्यबिंदूतच छेदतो, तेव्हा कणाचे त्याच्यापासूनचे अंतर म्हणजे ३ आणि ४ बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण. तो ५, आणि त्याचा वर्ग २५.

सोळा अधिक नऊ, पंचवीस. प्रमेयाची सिद्धता इथेच संपते. जे एका कणाला लागू, ते पत्र्यावरच्या प्रत्येक कणाला लागू, आणि प्रत्येकासाठी खरी असलेली बेरीज सगळ्यांना मिळूनही खरी राहते:

Iz = Ix + Iy

यात पत्र्याच्या आकाराचा कुठे उल्लेखही आला नाही. वस्तुमान सारखे पसरलेले असावे, अशी अट नाही. अक्ष वस्तुमानकेंद्रातूनच जावेत, अशीही नाही. समांतर अक्षांच्या प्रमेयात ती लागते, इथे पत्र्याच्या एखाद्या कोपऱ्यातून तिन्ही अक्ष काढले तरी चालतात. गृहीत धरले ते एवढेच, की कण टेबलाच्या पातळीवर आहे.

या प्रमेयाने किती श्रम वाचतात, ते बारीक कड्याकडे पाहिले की कळते. हातातल्या बांगडीसारख्या कड्याचे सगळे वस्तुमान M त्याच्या मध्यातून जाणाऱ्या उभ्या अक्षापासून एकाच अंतरावर, त्रिज्येइतके दूर असते. म्हणून त्या अक्षाभोवतीचे आघूर्ण MR², तोंडी सांगता येण्याजोगे. पण तेच कडे व्यासाभोवती फिरवले, तर काही भाग अक्षावर, काही दूर, मधले सगळे वेगवेगळ्या अंतरांवर. मग समाकलन करत बसावे लागते. प्रमेय म्हणते, त्याची गरज नाही. दोन्ही व्यास सारखेच, त्यांची आघूर्णे सारखी, आणि दोन्ही मिळून MR² होतात. म्हणजे प्रत्येकी निम्मे, MR²/2.

पत्र्याच्या जागी आता लाकडाचा ठोकळा आणू. लांबी-रुंदी पत्र्याइतकीच, २० आणि १५ सेंटिमीटर, पण जाडी १० सेंटिमीटर. हा जड असल्याने तारही जाड घ्यावी लागेल. ती अशी निवडू, की ठोकळा पुस्तकासारखा आडवा, म्हणजे १० सेंटिमीटरची बाजू उभी ठेवून टांगला, की आवर्तकाल पुन्हा ५ सेकंदच येईल. मग ठोकळा २० सेंटिमीटरची बाजू उभी ठेवून टांगायचा. पत्र्याला इथे ३ सेकंद लागले होते. ठोकळ्याला सुमारे ३.६ लागतात. १५ सेंटिमीटरची बाजू उभी ठेवली, तर ४ च्या जागी जवळपास ४.५. या दोन आवर्तकालांचे वर्ग अनुक्रमे १३ आणि २० येतात. बेरीज ३३. प्रत्यक्षात तिसऱ्याचा वर्ग २५. प्रमेयावर विसंबून कुणी आडव्या ठोकळ्याचा आवर्तकाल आधीच लिहून ठेवला असता, तर त्याने ५.७ सेकंद लिहिले असते, आणि घड्याळाने त्याला पाऊण सेकंदाने खोटे पाडले असते.

हे जास्तीचे ८ कुठून आले? त्यासाठी मघाच्या कणाकडे परत जायला हवे. ३ आणि ४ सेंटिमीटरवरचा तोच कण आता टेबलापासून २ सेंटिमीटर वर उचलायचा. z अक्ष उभाच आहे. त्याच्या समांतर कण कितीही वर-खाली नेला, तरी त्याच्यापासूनचे अंतर तेवढेच राहते. त्याचा आकडा २५ होता, २५ च राहिला. x अक्ष मात्र टेबलावर आडवा आहे. कण आधी त्याच्यापासून ४ सेंटिमीटर दूर होता, आता वरही २ सेंटिमीटर आहे. अंतराचा वर्ग १६ अधिक ४, म्हणजे २०. y अक्षाच्या बाबतीतही तेच, ९ अधिक ४, म्हणजे १३. दोहोंची बेरीज ३३.

ठोकळ्याचेच आकडे हे. ठोकळ्याच्या बाजू ४, ३, २ या प्रमाणात आहेत आणि कणाची अंतरेही तीच आहेत, म्हणून दोन्हीकडे १३, २०, २५ आणि ३३ उमटले. आणि जास्तीचे ८ म्हणजे उंचीचा वर्ग ४, दोनदा मोजलेला. उंचीमुळे कण x अक्षापासूनही लांब जातो आणि y अक्षापासूनही, म्हणून ती दोन्ही खात्यांत चढते. z च्या खात्यात तिची नोंदच होत नाही. कोणत्याही आकाराच्या, कोणत्याही घन वस्तूसाठी खरे समीकरण असे लिहावे लागते:

Ix + Iy = Iz + 2Σmz²

शेवटचे पद म्हणजे प्रत्येक कणाचे वस्तुमान गुणिले त्याच्या उंचीचा वर्ग, सगळ्यांची बेरीज, आणि तिची दुप्पट. यातला वर्ग फार महत्त्वाचा आहे. कण टेबलाच्या वर असो वा खाली, वर्ग धनच येतो, त्यामुळे वरचे कण आणि खालचे कण एकमेकांची चूक भरून काढतील, ही आशा फोल ठरते. टेबलाच्या प्रतलाबाहेर कुठेही थोडे जरी वस्तुमान असले, तर डावी बाजू Iz पेक्षा मोठी होते. ती कधीच लहान होत नाही, आणि बरोबरी होते ती फक्त एकाच परिस्थितीत, जेव्हा सगळे वस्तुमान त्या एका प्रतलात असते.

या समीकरणाचा उलटाही उपयोग होतो, आणि तो फार सुंदर आहे. ठोकळ्याला पट्टी न लावता त्याची जाडी घड्याळाने मोजता येते. जास्तीच्या ८ चे निम्मे ४, त्याचे वर्गमूळ २. सपाट टांगलेल्या ठोकळ्याचा ५ सेकंदांचा आवर्तकाल त्याच्या २५ सेंटिमीटरच्या कर्णाशी जुळतो, तेव्हा २ सेकंद १० सेंटिमीटरशी जुळणार. जाडी १० सेंटिमीटर.

भरीव चेंडूच्या बाबतीत तर प्रमेय सरळ स्वतःलाच खोडून काढते. चेंडू सगळ्या दिशांनी सारखा, म्हणून मध्यातून जाणारे तिन्ही अक्ष सारखे, तिन्ही आघूर्णे एकच. त्याला I म्हणू. प्रमेय लावले तर I = I + I. हे खरे ठरायला I शून्य असावे लागेल, म्हणजे चेंडू फिरवायला काहीच जोर लागू नये. प्रत्यक्षात भरीव गोलाचे आघूर्ण 2MR²/5 असते. दोघांची बेरीज 4MR²/5, आणि तिसरे वजा केल्यावर उरलेले 2MR²/5 हे पूर्णपणे उंचीचे, दोनदा मोजलेले. चुकून हे प्रमेय घन वस्तूला लावले गेले आहे की काय, हे ओळखायची याहून सोपी युक्ती नाही: तीच रीत चेंडूला लावून पाहावी, काय ते लगेच कळते.

पण जगात बिनजाडीचा पत्रा तरी कुठे असतो? २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यालाही उंची आहेच. मग ‘पातळ’ म्हणायचे कशाला? याचे उत्तर गोल चकतीवर स्पष्ट दिसते. तिची त्रिज्या R आणि जाडी h असेल, तर उभ्या अक्षाभोवती आघूर्ण MR²/2. प्रमेयाप्रमाणे व्यासाभोवती त्याचे निम्मे, MR²/4, यायला हवे. खरे आघूर्ण मात्र त्याहून Mh²/12 ने जास्त असते. म्हणजे चूक किती, हे जाडीच्या एकट्या मापावर अवलंबून नाही. जाडी आणि त्रिज्या यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर ती ठरते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या आणि ३ मिलिमीटर जाडीच्या चकतीत ही चूक १०,००० भागांत जेमतेम १.३ भाग एवढी. अशा चकतीला बिनदिक्कत पातळ म्हणावे.

कॅरमची सोंगटी घेतली, की चित्र पालटते. स्पर्धांच्या नियमांनुसार सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर, जाडी ७ ते ९ मिलिमीटर आणि वजन ५ ते साडेपाच ग्रॅम असते. ३१ मिलिमीटर व्यासाची, ८ मिलिमीटर जाडीची, ५ ग्रॅमची सोंगटी धरू आणि कडांची गोलाई सोडून देऊ. बोर्डावर सपाट गरगरताना तिचे आघूर्ण सुमारे ६०१ येते, ग्रॅम आणि मिलिमीटर या एककांत. तीच सोंगटी कडेवर उभी करून नाण्यासारखी फिरवली, तर प्रमेय म्हणेल ३००. खरा आकडा ३२७. फरक ९ टक्क्यांचा. दिसायला चपटी असलेली वस्तूही हिशेबात चपटी असतेच असे नाही. ढोबळमानाने, जाडी व्यासाच्या बाराव्या भागाइतकी झाली, की चूक १ टक्क्याच्या घरात पोचते, आणि तिथून पुढे जाडी दुप्पट केली तर चूक चौपट होते.

म्हणजे घन वस्तूंपुढे हे प्रमेय निकामी ठरते का? मुळीच नाही, फक्त ते योग्य जागी वापरावे लागते. भरीव दंडगोलाचे उदाहरण पाहावे. अख्ख्या दंडगोलाला प्रमेय लावले, तर मध्यातून आडव्या जाणाऱ्या अक्षाभोवतीचे आघूर्ण MR²/4 येते, त्यात लांबीचा पत्ताच नसतो. १ मीटर लांब आणि १ सेंटिमीटर त्रिज्येच्या सळईसाठी हा आकडा खऱ्या उत्तराच्या ३,३००हून अधिक पट लहान आहे. सळई मध्यावर धरून गरगर फिरवताना जो जोर लागतो, तो तिच्या लांबीमुळे, आणि तीच या हिशेबातून गळाली. बरोबर रीत अशी: दंडगोलाचे काकडीच्या चकत्यांसारखे असंख्य पातळ काप कल्पायचे. प्रत्येक काप खरोखर पातळ आहे, त्याला हे प्रमेय हक्काने लावता येते, आणि त्याच्या स्वतःच्या व्यासाभोवतीचे आघूर्ण त्याच्या वस्तुमानाच्या R²/4 पट मिळते. मग तो काप मध्यापासून जितका दूर, तितके समांतर अक्षांच्या प्रमेयाने वाढवायचे. सगळे काप मिळवल्यावर MR²/4 + ML²/12 हाती येते. पहिले पद लंब अक्षांच्या प्रमेयाने दिले आणि दुसरे लांबीने. वर्गात हे दोन टप्पे एकत्र गुंडाळून नुसते सूत्र दिले जाते, तेव्हा विद्यार्थ्यांच्या हातून सर्वांत मोलाची पायरी निसटते.

चपटेपणाची ही दुप्पट एका प्रसिद्ध प्रसंगात डोळ्यांना दिसली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर रिचर्ड फाइनमन अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होता. तिथल्या उपाहारगृहात कुणीतरी ताटली हवेत भिरकावली. ताटलीवर विद्यापीठाचे लाल बोधचिन्ह होते, त्यामुळे ती किती वेगाने फिरते आहे ते कळत होते. शिवाय ती डुगडुगतही होती. दोन्हींचे वेग वेगळे आहेत, हे फाइनमनच्या लक्षात आले. त्याने गणित मांडले आणि डुगडुग फार थोडी असेल तेव्हा एक वेग दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट असतो, असे त्याला आढळले. पुढे १९८५ मध्ये आलेल्या आठवणींच्या पुस्तकात त्याने हा किस्सा सांगितला. १९६५ साली ज्या कामासाठी त्याला नोबेल मिळाले, त्याकडे नेणारी वाट या ताटलीपासून सुरू झाली, असे तो मानत असे.

ही दुप्पट लंब अक्षांच्या प्रमेयातूनच येते. हवेत मोकळ्या असलेल्या ताटलीचा कोनीय संवेग बदलत नाही. डुगडुग थोडी असेल, तर तो संवेग बहुतांशी ताटलीच्या उभ्या अक्षाभोवतीच्या फिरण्यातून येतो, म्हणजे Iz गुणिले फिरण्याचा वेग. डुगडुगीचा वेग काढायला याच संवेगाला Ix ने भागावे लागते. म्हणजे डुगडुग आणि फिरणे यांच्या वेगांचे गुणोत्तर Iz/Ix. गोल ताटलीसाठी Ix आणि Iy सारखे, दोघे मिळून Iz. तेव्हा गुणोत्तर २. बोधचिन्हाचा एक फेरा होईस्तोवर ताटली दोनदा डुगडुगते.

पुस्तकात मात्र हे उलटे छापले गेले आहे. बोधचिन्ह डुगडुगीच्या दुप्पट वेगाने फिरते, असे तिथे म्हटले आहे. भूभौतिकशास्त्रज्ञ बेंजामिन चाओ यांनी १९८९ मध्ये फिजिक्स टुडे या मासिकाला पत्र लिहून ही उलटापालट दाखवून दिली. तोवर फाइनमन हयात नव्हता. वरचे गुणोत्तर एकदा नीट लिहिले, की दुप्पट वेग डुगडुगीचाच असायला हवा याबद्दल शंका उरत नाही.

खरी ताटलीही पूर्ण सपाट नसते. तिला काठ असतो, थोडी खोली असते. त्यामुळे तिचे गुणोत्तर २ च्या किंचित खाली राहते. खोली वाढवत नेली तर काय होते, हे पातळ पत्र्याच्या अर्धगोल वाटीवर अचूक काढता येते. वाटीच्या उभ्या अक्षाभोवतीचे आघूर्ण 2MR²/3. तिच्या वस्तुमानकेंद्रातून आडव्या जाणाऱ्या अक्षाभोवती 5MR²/12. भागाकार १.६. दोन आडवी आघूर्णे मिळवून उभे वजा केले तर MR²/6 उरते, आणि ही उरलेली राशी वाटीच्या उंचीने दोनदा चढवलेली भर आहे. वाटीचा पत्रा पातळ असला, म्हणून वाटी या हिशेबात पातळ ठरत नाही, हे इथे विशेष लक्षात घ्यावे. प्रमेयाला पातळ पत्रा पुरत नाही, तो सपाटही लागतो. वाकलेला कागद, पन्हळी पत्रा, खोलगट परात यांना ते लागू नाही.

१.६ पासून २ पर्यंत आणि तिथून पुढे? पुढे काही नाही. फिरकीसारख्या सममित वस्तूचे Iz/Ix हे गुणोत्तर २ च्या वर नेणे अशक्य आहे, कारण उंचीचे पद ऋण होऊच शकत नाही. चपटी चकती ही शेवटची सीमा. यामुळे मोडलेले प्रमेयही एक उपयोगी चाचणी देऊन जाते: कुठल्याही वस्तूची, एका बिंदूतून जाणाऱ्या तीन परस्परलंब अक्षांभोवतीची आघूर्णे घ्या, कोणतीही दोन मिळून तिसऱ्याहून लहान भरता कामा नयेत. एखाद्याने ड्रोनच्या भागासाठी १३, २० आणि ४० असे तीन आकडे दिले, तर ते खोटे आहेत हे तो भाग न पाहताही सांगता येते. १३ आणि २० मिळून ३३. ४० ला गाठायला उंचीच्या वर्गांची बेरीज वजा साडेतीन असावी लागेल. असा भाग कुठल्याही धातूचा, कुठल्याही आकाराचा घडवता येणार नाही.

यंत्रमानवांच्या हालचाली संगणकावर पडताळून पाहणारी MuJoCo ही प्रणाली ही चाचणी आपणहून करते. आकडे तिच्यात बसले नाहीत, तर ती प्रतिकृती उभी करायलाच नकार देते आणि पडद्यावर असा संदेश येतो:

```
inertia must satisfy A + B >= C; use 'balanceinertia' to fix
```

संदेशात सुचवलेला उपाय तिन्ही आकड्यांच्या जागी त्यांची सरासरी घालतो. सरासरीने तिन्ही आघूर्णे सारखी होतात, म्हणजे चपटा भाग असो वा लांबोडा, तो फिरण्याच्या बाबतीत चेंडूसारखा वागू लागतो. प्रतिकृती चालू होते, पण मूळ चूक आत तशीच राहते. त्यापेक्षा आकडे कुठून आले, ते शोधलेले बरे. बहुतेकदा दशांशचिन्ह सरकलेले असते, किंवा तीनपैकी एक आघूर्ण वस्तुमानकेंद्राऐवजी एखाद्या सांध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवतीचे असते आणि बाकीची दोन केंद्राभोवतीची.

या चाचणीलाही मर्यादा आहे. तिन्ही आकडे एकाच गुणकाने चुकले असतील, उदाहरणार्थ किलोग्रॅमच्या जागी ग्रॅम धरून तिन्ही हजारपट फुगले असतील, तर त्यांचे आपसातले प्रमाण बिघडत नाही आणि ते चाचणीतून बिनबोभाट पार पडतात. ती चूक पकडायला आघूर्णाला वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढावे लागते. त्यातून एक लांबी मिळते, आणि ती त्या भागाच्या अक्षापासून सर्वांत दूरच्या टोकापेक्षा मोठी आली, तर वस्तुमान किंवा एकक यांपैकी एक नक्की चुकले आहे.